बदली आदेशातून रुजू होण्याची तारीख, भत्ते आणि हक्क यांची तपासयादी कशी काढावी? (नागपूर ते पुणे, केंद्रीय कर्मचारी)

संत्रानगरीकर | 5 जून 2025

नमस्कार. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वेतन स्तर 7 मध्ये काम करतो. काल माझा बदली आदेश हातात आला असून मला नागपूरहून पुण्याला जायचे आहे. आदेश दोन पानांचा आहे आणि त्यासोबत नावांचे जोडपत्र आहे. सहकाऱ्यांना विचारले तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. म्हणून आदेशातला आशय इथे मराठीत देतो आणि त्यातून कामाची यादी कशी तयार करावी हे विचारतो.

पहिल्या परिच्छेदात म्हटले आहे की जोडपत्रातील कर्मचाऱ्यांची सार्वजनिक हितार्थ, तात्काळ प्रभावाने आणि पुढील आदेशापर्यंत बदली करण्यात येत आहे. दुसऱ्या परिच्छेदानुसार सर्वांना 13 जून रोजी दुपारनंतर कार्यमुक्त करायचे असून त्यांनी 20 जूनपर्यंत नव्या ठिकाणी रुजू व्हायचे आहे. तिसऱ्यात एवढेच आहे की प्रवासभत्ता आणि जॉइनिंग टाइम, म्हणजे नव्या ठिकाणी रुजू होण्यासाठी मिळणारे दिवस, नियमांप्रमाणे देय राहील, मात्र जोडपत्राच्या शेवटच्या स्तंभात ज्यांच्या नावापुढे ‘स्वविनंती’ असा शेरा आहे त्यांना तो मिळणार नाही. चौथ्यात रुजू अहवाल पाठवण्याची सूचना आहे. माझा अनुक्रमांक 14 असून माझ्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

आदेशात रकमेचा एकही आकडा नाही. मे महिन्याचे माझे मूळ वेतन 58,600 रुपये होते. आम्ही इथे भाड्याच्या घरात राहतो. मुलांच्या शाळेमुळे पत्नी आणि दोन्ही मुले दिवाळीच्या सुट्टीत येतील आणि घरातले बहुतेक सामानही तेव्हाच हलवायचे आहे. आत्ता मी दोन बॅगा घेऊन एकटाच जाणार आहे. यादी कुठून सुरू करावी?

---

हिशेबनवीस | 5 जून 2025

मी केंद्रीय लेखा कार्यालयातून निवृत्त झालो असून अनेक वर्षे बदलीची बिले तपासत होतो. आपण आदेशाचा आशय नीट दिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल.

सर्वप्रथम जोडपत्रातला तो कोरा रकाना पुन्हा एकदा मूळ प्रतीवर पाहा, कारण बाकी सारे त्याच्यावर अवलंबून आहे. बदली सार्वजनिक हितार्थ असेल तरच जॉइनिंग टाइम आणि बदली प्रवासभत्ता मिळतो. स्वविनंतीच्या बदलीत, सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तर, दोन्ही मिळत नाहीत. आपण पूर्वी कधी पुण्यासाठी अर्ज केला होता का, हेही आठवून पाहा. असा जुना अर्ज फाइलमध्ये असला की कधी कधी कार्यमुक्तीच्या आदेशात ‘विनंतीनुसार’ असा शब्द येतो आणि बिल तिथेच अडते. तो शब्द दिसला तर कार्यमुक्त होण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी, नंतर फार पत्रव्यवहार करावा लागतो.

यादी करताना आदेशातून फक्त तीन गोष्टी घ्या: बदलीचे कारण, कार्यमुक्तीची तारीख आणि वेळ, आणि रुजू होण्याची अंतिम तारीख. रकमा आदेशात कधीच नसतात, त्या नियमांतून येतात. त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे ‘आदेश’ की ‘नियम’ असे लिहून ठेवा, म्हणजे वाद झाला तर कोणता कागद दाखवायचा ते कळते. शिवाय प्रत्येक हक्क एका तारखेला बांधलेला असतो. काही गोष्टी कार्यमुक्तीपासून मोजल्या जातात, काही रुजू झाल्यापासून आणि काही प्रवास संपल्यापासून. या तीन तारखा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर हिशेब चुकतो.

आता आपल्या तारखा पाहू. नागपूर ते पुणे अंतर 1000 किलोमीटरच्या आत असल्याने जॉइनिंग टाइम 10 दिवसांचा आहे. कार्यभार दुपारनंतर सोडला तर मोजणी दुसऱ्या दिवसापासून होते. म्हणजे 14 जून ते 23 जून असे 10 दिवस होतात आणि एरवी आपण 24 जूनला सकाळी रुजू झाला असतात. आदेश मात्र 20 जून सांगतो. तारखांचा हा विरोध लक्षात ठेवा, त्यात आपला एक हक्क दडलेला आहे. त्याविषयी उद्या सविस्तर लिहितो.

---

दिलीप_नाशिक | 5 जून 2025

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी सोलापूरहून नाशिकला आलो, म्हणून अनुभवाने सांगतो. जॉइनिंग टाइम हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, तेव्हा 20 तारखेकडे फारसे लक्ष न देता पूर्ण 10 दिवस घ्यावेत. घेतले नाहीत तर उरलेले दिवस वाया जातात. बदलीसाठी जी एकरकमी ग्रँट मिळते ती मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 80 टक्के असते. बिल द्यायला एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे घाई करू नये. आणि जाण्यापूर्वी अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे एलपीसी, हातात घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. माझे एलपीसी उशिरा पोहोचले आणि नव्या कार्यालयात पहिला पगार निघायला बराच वेळ लागला.

---

हिशेबनवीस | 6 जून 2025

दिलीपरावांचा एलपीसीचा सल्ला अगदी योग्य आहे आणि तो यादीत वरच्या भागात असायला हवा. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मला वेगळे सांगावे लागेल.

आदेशात रुजू होण्याची तारीख स्पष्ट दिली असताना ती डावलू नये. जास्त दिवस हवे असतील तर कार्यमुक्तीपूर्वी लेखी विनंती करून परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय 20 तारखेनंतर रुजू झालात तर ते दिवस अनधिकृत अनुपस्थितीत धरले जाण्याचा धोका आहे, आणि त्यापुढे जॉइनिंग टाइमचा नियम दाखवून उपयोग होईलच असे नाही.

उरलेले दिवस वाया जात नाहीत. केंद्रीय नागरी सेवा (जॉइनिंग टाइम) नियम, 1979 यांतील नियम 6 असे सांगतो की पूर्ण अवधी न घेता रुजू होण्याचा आदेश मिळाला असेल, किंवा कर्मचारी एकटा आधी जाऊन कुटुंबाला प्रवासभत्त्याच्या मुदतीत नंतर नेत असेल, तर न वापरलेले दिवस त्याच्या अर्जित रजेच्या खात्यात जमा होतात. आपल्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण होतात. आपण 20 जूनला सकाळी रुजू झालात तर 14 ते 19 जून असे 6 दिवस वापरले जातील आणि 4 दिवस जमा होतील. जमा धरून अर्जित रजा 300 दिवसांच्या मर्यादेत राहिली पाहिजे, एवढीच अट आहे. आपली शिल्लक तिथवर आली असेल तर आधीच तपासा. हे दिवस पुढे जॉइनिंग टाइम म्हणून घेता येत नाहीत, फक्त रजा म्हणून वापरता येतात. लेखा विभाग हे आपण होऊन जमा करील अशी अपेक्षा ठेवू नका. रुजू झाल्यावर एका पानाचा अर्ज द्या. त्यात कार्यमुक्तीची व रुजू होण्याची तारीख, देय दिवस, वापरलेले दिवस आणि आदेशाचा परिच्छेद लिहा, आणि नंतर सेवापुस्तकाच्या रजा हिशेबात ती नोंद झाली का ते स्वतः पाहून घ्या.

सीटीजी, म्हणजे दिलीपरावांनी सांगितलेली बदलीची एकरकमी ग्रँट, ही मागील महिन्याच्या मूळ वेतनाच्या 80 टक्के असते, महागाई भत्ता त्यात धरत नाहीत. 58,600 रुपयांवर ती 46,880 रुपये येते. दोन्ही ठिकाणांमधील अंतर 20 किलोमीटर किंवा अधिक असेल तेव्हा ही पूर्ण रक्कम मिळते. बांधाबांध, घरापासून स्थानकापर्यंतचे रिक्षाभाडे आणि तत्सम किरकोळ खर्च या रकमेतच धरलेले आहेत, त्यामुळे ते बिलात वेगळे लिहू नयेत. लिहिले की आक्षेप ठरलेला.

एक वर्षाची मुदत जुनी झाली. 2018 पासून प्रवासभत्त्याचे बिल प्रवास पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत द्यावे लागते. या एका गोष्टीमुळे अनेकांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत, म्हणून ते ठळक अक्षरांत लिहा.

---

कऱ्हाकाठ | 6 जून 2025

मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. माझीही या मे महिन्यात जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली झाली. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बदली झाली असेल तर 2005 च्या बदली कायद्याखाली तक्रार करता येते असे ऐकले आहे. या धाग्यावर तिची प्रक्रिया कुणी सांगेल का? आणि मलाही 80 टक्के ग्रँट मिळेल का?

---

हिशेबनवीस | 6 जून 2025

कऱ्हाकाठ, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण या धाग्यातला विषय वेगळा आहे. आपण विचारता ती बदली योग्य की अयोग्य ही बाब, आणि इथे आपण बदली मान्य करून हक्क कसे काढावेत ते पाहत आहोत. शिवाय इथे सांगितलेले आकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांचे आहेत. राज्याच्या सेवेत पदग्रहण अवधीसाठी 1981 चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम आहेत आणि प्रवासभत्त्याचे दर राज्याचे स्वतंत्र आहेत. केंद्राचा 80 टक्क्यांचा आकडा आपल्या बिलात लिहू नका. आपल्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढलात तर राज्य सेवेतील जाणकार नक्की उत्तर देतील.

---

अनुराधा_चिंचवड | 6 जून 2025

आम्ही दोघेही केंद्र सरकारमध्ये आहोत आणि काही वर्षांपूर्वी दोघांचीही भोपाळहून पुण्याला बदली झाली. मूळ प्रश्नकर्त्यांच्या पत्नीही केंद्रीय सेवेत असतील तर एक गोष्ट यादीत असू द्या. पती-पत्नी दोघांची एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी बदली झाली आणि दुसरी बदली पहिलीनंतर 60 दिवसांच्या आत झाली, तर नंतर बदली झालेल्याला सीटीजी मिळत नाही. 60 दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली तर नंतरच्याला निम्मी मिळते. आम्ही बिल भरताना आदेशांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवून हे पाहिले, तेव्हा कुठे खात्री झाली.

एलपीसीबद्दल थोडे भर घालते. ते नुसते हातात असून पुरत नाही, वाचून घ्यावे लागते. पगार कोणत्या तारखेपर्यंत दिला आहे, घरभाडे भत्त्याचा दर काय लिहिला आहे, प्रवासभत्त्याची आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती नोंदवली आहे का, आयकराची आतापर्यंतची कपात आणि एनपीएसची वजावट बरोबर आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येते. माझ्या एलपीसीवर पगार महिनाअखेरपर्यंत दिल्याचे लिहून आले होते, प्रत्यक्षात तो कार्यमुक्तीच्या दिवसापर्यंतच दिला होता. नव्या कार्यालयाने उरलेल्या दिवसांचा पगार काढायला नकार दिला, आणि दुरुस्त प्रमाणपत्र भोपाळहून येईपर्यंत थांबावे लागले.

---

संत्रानगरीकर | 7 जून 2025

सर्वांचे मनापासून आभार. पत्नी नोकरी करत नाही, त्यामुळे अनुराधाताईंचा पहिला मुद्दा मला लागू होत नाही, दुसरा मात्र पूर्ण लागू होतो. वरील उत्तरांवरून मी तारखेनुसार पहिला आराखडा तयार केला आहे. त्यातल्या त्रुटी कृपया दाखवाव्यात.

आत्तापासून 12 जूनपर्यंत: जोडपत्रातील शेरा मूळ प्रतीवर पाहणे (आदेश). अर्जित रजेची शिल्लक सेवापुस्तकात पाहणे (नियम). प्रवासभत्त्याची आगाऊ रक्कम हवी असल्यास अर्ज करणे (नियम). कार्यालयातील संगणक, कपाटाच्या किल्ल्या, फाइली यांची कार्यभार यादी तयार ठेवणे.

13 जून: कार्यभार सोडणे. कार्यमुक्तीच्या आदेशावर ‘दुपारनंतर’ हा शब्द आहे का ते पाहणे. एलपीसी वाचून घेणे.

14 ते 19 जून: जॉइनिंग टाइम. मी 17 तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघून 18 तारखेला सकाळी पुण्यात पोहोचेन. माझ्या स्तराला रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा वातानुकूलित डबा मिळतो, त्यामुळे तेच तिकीट काढले आहे.

20 जून, सकाळी: रुजू अहवाल देणे, 4 दिवस अर्जित रजेत जमा करण्याचा अर्ज देणे. पुण्याचा घरभाडे भत्ता 30 टक्क्यांनी सुरू होणे.

17 ऑगस्टपूर्वी: माझ्या प्रवासाचे बिल आणि सीटीजी 46,880 रुपये.

दिवाळीत: कुटुंबाचा प्रवास, सामानाचा ट्रक आणि त्यांचे बिल.

---

हिशेबनवीस | 7 जून 2025

आराखडा चांगला आहे. काही ठिकाणी भर घालतो.

‘दुपारनंतर’ हा शब्द पाहायचे आपण लिहिलेत ते फार योग्य झाले. तिथे चुकून ‘सकाळी’ असे आले तर जॉइनिंग टाइम 13 जूनपासूनच मोजला जाईल, वापरलेले दिवस 7 होतील आणि रजेत 4 ऐवजी 3 दिवस पडतील. शिवाय 13 तारखेला आपण दिवसभर काम केले त्याची नोंद कुठेच राहणार नाही.

जून महिन्याचा पगार दोन कार्यालयांत विभागला जाईल. 13 तारखेपर्यंतचा नागपूर देईल आणि 14 पासूनचा पुणे देईल. जॉइनिंग टाइम कर्तव्यकाळ म्हणून धरला जातो आणि त्या काळात घरभाडे भत्ता जुन्या ठिकाणच्या दराने मिळतो. नागपूर हे ‘वाय’ वर्गातील शहर असल्याने 20 टक्के, म्हणजे महिन्याला 11,720 रुपये. पुणे ‘एक्स’ वर्गात असल्याने 30 टक्के, म्हणजे 17,580 रुपये. हा वाढीव दर 20 जूनपासून लागू होईल, 14 पासून नव्हे. पहिल्या पगारपत्रकावर हे दोन तुकडे वेगळे दिसले पाहिजेत. संपूर्ण महिन्याला एकच दर लावलेला दिसला तर लगेच विचारा, कारण जास्त दिलेली रक्कम पुढे वसूल होतेच.

17 ऑगस्ट हा आपण 18 जूनपासून बरोबर मोजलात. मात्र त्या दिवशी रविवार आहे, त्याआधी शनिवार आणि शुक्रवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे. म्हणून यादीत 14 ऑगस्ट, गुरुवार असे लिहा, आणि खरे तर जुलैतच बिल द्या. आवक क्रमांकाची पोच घ्यायला विसरू नका, कारण बिल मुदतीत दिले हे सिद्ध करायला तोच एक पुरावा असतो.

आता सामानाविषयी, कारण सर्वांत जास्त कपात तिथेच होते. वेतन स्तर 6 ते 11 साठी रस्त्याने सामान नेण्याचा मूळ दर 2017 च्या आदेशात किलोमीटरला 50 रुपये होता आणि वजनाची मर्यादा 6000 किलो आहे. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा दर 25 टक्क्यांनी वाढतो, आणि महागाई भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्के झाला. त्यामुळे दर 62.50 रुपये धरायचा. अंतर 700 किलोमीटर मानले तर कमाल 43,750 रुपये होतात. ही कमाल मर्यादा आहे, ठरावीक रक्कम नाही. ट्रकवाल्याने 38,000 घेतले तर 38,000 मिळतील आणि 46,000 घेतले तर 43,750. प्रत्यक्ष किलोमीटरचा आकडा आपल्या कार्यालयाला मान्य असलेल्या स्रोतावरूनच घ्यावा.

मालवाहतूकदाराकडून बिल घेताना त्यावर आपले नाव, कुठून कुठे, तारीख, वाहन क्रमांक आणि वजन हे पाचही तपशील असावेत. सोबत बिल्टी असावी, आणि पैसे बँकेतून दिले असतील तर फारच उत्तम. ‘घरगुती सामान, एकूण इतके’ एवढ्याच मजकुराची पावती मी अनेकदा परत पाठवली आहे. आणि एकाच बिलात ‘बांधाबांध 8,000, वाहतूक 30,000’ असे वेगळे लिहिले असेल तर वाहतुकीचे 30,000 एवढेच मान्य होतात, बांधाबांध सीटीजीत गेली.

कुटुंबासाठी नियम असा आहे की कर्मचाऱ्याच्या बदलीच्या एक महिना आधीपासून ते सहा महिने नंतरपर्यंत त्यांनी प्रवास केला पाहिजे. दिवाळी यात सहज बसते. सुरक्षित अंतर ठेवायचे म्हणून यादीत अंतिम तारीख 12 डिसेंबर लिहा, आणि काही कारणाने ती पुढे जाणार असे दिसले तर तिच्याआधीच मुदतवाढीचा अर्ज द्या.

---

दिलीप_नाशिक | 7 जून 2025

60 दिवसांचा मुद्दा मान्य आहे, आदेश काढून पाहिला. पण मग एक अडचण उरते. संत्रानगरीकरांचा स्वतःचा प्रवास जूनमध्ये आणि कुटुंबाचा ऑक्टोबरमध्ये आहे. 60 दिवस जूनपासून मोजले तर कुटुंबाचे आणि सामानाचे बिल आधीच मुदतबाह्य ठरेल. सहा महिन्यांची सवलत द्यायची आणि बिलाला मात्र दोन महिने, हे एकत्र कसे बसते?

---

हिशेबनवीस | 7 जून 2025

प्रश्न अगदी रास्त आहे. मी कामावर असताना प्रत्येक प्रवासाची मुदत त्या प्रवासाच्या शेवटापासून स्वतंत्र मोजत असे, आणि कुटुंबाचे बिल पूरक बिल म्हणून घेत असे. सहा महिन्यांची मुदत अर्थपूर्ण ठरायची तर दुसरा मार्ग नाही, असे माझे मत आहे. परंतु काही कार्यालये एका बदलीला एकच बिल असा आग्रह धरतात आणि तपासणीत आक्षेप काढतात, हेही मी पाहिले आहे. म्हणून पहिल्या बिलातच एक वाक्य स्पष्ट लिहून ठेवावे: ‘कुटुंब व घरगुती सामान नंतर नेण्यात येणार असून त्याचे पूरक बिल स्वतंत्रपणे सादर केले जाईल.’ हे वाक्य असलेल्या बिलाची पोच पुढे उपयोगी पडते.

---

वैनगंगा_क्वार्टर | 8 जून 2025

मूळ प्रश्नकर्ते भाड्याच्या घरात आहेत, मी मात्र सरकारी निवासस्थानात राहतो आणि माझाही याच आदेशात क्रमांक आहे. बदलीनंतर निवासस्थान दोन महिने ठेवता येते हे माहीत आहे. माझी मुलगी दहावीत असल्यामुळे मार्चपर्यंत ठेवायचे आहे. तसे केले तर पुण्यात मला 30 टक्के घरभाडे भत्ता मिळेल की नाही?

---

हिशेबनवीस | 8 जून 2025

दोन महिन्यांपुढची मुदत शिक्षणाच्या कारणावर मागता येते. त्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र जोडून संपदा कार्यालयाकडे दोन महिने संपण्यापूर्वी अर्ज द्या. मुदतीनंतर राहिलात तर बाजारदराप्रमाणे दंडाची आकारणी होऊ शकते आणि ती मोठी असते. घरभाडे भत्त्याबाबत मात्र मी इथे ठाम उत्तर देणार नाही. ते आपण निवासस्थान कोणत्या अटीवर ठेवले आहे आणि कोणते शुल्क भरता यावर ठरते. संपदा कार्यालयाच्या परवानगीपत्राची प्रत जोडून पुण्यात पगार काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत पगारात भत्ता आपोआप सुरू झाला तर ते त्यांच्या नजरेस आणून द्या.

---

अनुराधा_चिंचवड | 8 जून 2025

संत्रानगरीकर, सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेल तर पुण्यातील आरोग्य केंद्राशी जोडून घेण्याचा अर्ज रुजू झाल्यावर लगेच द्या. कुटुंब नागपूरला राहणार असल्याने कार्ड बदलताच त्यांची औषधे तिथे मिळण्यात अडचण येईल का, हे आधी विचारून घ्या. आमच्या वेळी आम्ही सर्वजण एकत्र आलो होतो, त्यामुळे मला या स्थितीचा अनुभव नाही.

---

संत्रानगरीकर | 9 जून 2025

आज मूळ प्रत पाहिली. माझ्यापुढचा शेऱ्याचा रकाना खरोखर कोरा आहे आणि अर्जित रजा 211 दिवस शिल्लक आहे, त्यामुळे 4 दिवस जमा व्हायला अडचण नाही. कार्यमुक्तीच्या आदेशाचा कच्चा मसुदा आस्थापना विभागात तयार होता. त्यात ‘दुपारनंतर’ हा शब्द नव्हता, नुसती 13 जून ही तारीख होती. तो शब्द घालण्याची विनंती केली आणि त्यांनी लगेच घातला.

यादीत बदल केले आहेत: बिलाची तारीख 14 ऑगस्ट, कुटुंबाच्या प्रवासाची 12 डिसेंबर, सामानाच्या रकमेपुढे ‘कमाल’ हा शब्द, आणि पहिल्या बिलात पूरक बिलाचे वाक्य. सीजीएचएसचा प्रश्न आणि कुटुंबाच्या बिलाची मुदत या दोन नोंदींपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. पुण्याच्या लेखा विभागाला रुजू झाल्यावर दोन्ही लेखी विचारणार आहे आणि उत्तर आले की याच धाग्यावर लिहीन.